प्रितमचा आतेभाऊ

(नारपोलीतलं माधवसरांचं डीटीपीचं दुकान. समोर मानकोलीचे काळूरामशेठ आणि त्यांची बायको हौसा. शेजारच्या गाळ्यात लूम चालू.)

माधव : काळूरामशेठ, तुमच्या मुलाने, प्रितमने, वंशवृक्षासाठी दिलेल्या यादीत सहा काका लिहिलेत. सहाही एका रांगेत बसवले तर तुमच्या वडिलांना सात मुलगे होते, असं हा चार्ट सांगेल.

काळूराम : काका म्हंजे काकाच ना, सर. रविवारी नातीचा बारसा हाय. नव्या घराच्या भिंतीवर मोठा झाड दिसला म्हंजे झाला.

माधव : झाड म्हणता ना? मग पान कुठल्या फांदीचं ते नको कळायला? मधोमध प्रितम. डावीकडे बापाकडचे, उजवीकडे आईकडचे. हा पंढरी कोण?

काळूराम : माजा भावूस.

हौसा : चुलत भावूस. यांच्या बापाच्या भावाचा पोरगा. म्हंजे प्रितमचा चुलतकाका.

माधव : बघा, म्हणजे एक पिढी वर चढायचं आणि आजोबांच्या भावाच्या फांदीवरून खाली यायचं. आणि हा पडघ्याचा काका?

हौसा : तो कसला काका? माज्या चंद्राचा नवरा हाय तो. चंद्रा प्रितमची मावशी, तर हा मावसा. यांचा साडू. त्याला उजवीकडं घ्या, माज्या अंगाला.

काळूराम : प्रितम त्याला काकाच बोलतो.

हौसा : बोलू दे. हाक वेगळी, नाता वेगळा.

माधव : वहिनी, हे वाक्य मला तीस वर्षं शाळेत शिकवताना सुचलं नाही. बरं, पुढे. भावेश कझिन, ऋतिका कझिन, नेत्रा कझिन.

हौसा : भावेश चंद्राचा, तो मावसभाऊ. ऋतिका माज्या भावाची, ती मामेबहीण. नेत्रा पंढरीची.

माधव : नेत्रा म्हणजे चुलत-चुलत बहीण.

हौसा : हां. आता सांगा, सगल्यांना कझिन बोलून कसा चालंल? आमच्यान मामाची पोरगी करता येते. मावशीची पोरगी म्हंजे बहीण, तिचा विचार पण न्हाय करायचा. कझिन बोलला तर सोयरीक जमवणारा माणूस येडा व्हईल.

माधव : शेठ, तुम्ही नशीबवान आहात. तुमच्या घरात शब्दकोश चालतोबोलतो.

काळूराम : चालतो कमी, बोलतो जास्त.

माधव : आता मी परीक्षाच घेतो. नवऱ्याचा धाकटा भाऊ?

हौसा : दीर. त्याची बायको जाऊ.

माधव : मुलाची सासू?

हौसा : माजी विहीण. सासरा व्याही.

माधव : पणतवाचा मुलगा?

हौसा : खापरपणतू. तो बघायला कोन वाचतंय?

माधव : नणंदेचा नवरा?

हौसा : नंदावा. मना एकच हाय.

काळूराम : हौसे.

हौसा : सरांनी विचारला, मी सांगितला.

माधव : थांबा, एकच आहे म्हणालात. माझ्याकडे एकही नाही. आणि यादीत शेवटी पेनाने लिहिलंय, 'कुणाल, आतेभाऊ'. शेठ, हा कुठे बसवू?

काळूराम : तो खोडा.

माधव : खोडतो. पण आहे ना तो?

काळूराम : असंल. खोडा.

माधव : प्रितमने याच्यापुढे कझिन लिहिलं असतं, तर मी कुठेतरी कोपऱ्यात टाकून दिला असता. आतेभाऊ हा शब्द तसं करू देत नाही. आतेभाऊ म्हटला की आत्या आली. आत्या म्हणजे तुमची बहीण. तुमच्या शेजारी मला एक चौकोन काढावा लागतो.

काळूराम : मी तलाठ्याकडची वंशावळ आणलीय ना? तीत हाय का बहीण?

माधव : ही बहिणीने जमिनीतला हक्क सोडल्यावर केलेली दिसते. हिच्यात फक्त जमिनीचे वाटेकरी आहेत. मला माणसं हवीत.

हौसा : ती शेवटची ओळ मीच लिवायला सांगितली प्रितमला. आन या दुकानात पण मीच आणला तुमाला. भिवंडीत छापणारे काय कमी हायत? तुमच्या बहिणीचा, तुळजाचा घर हितनं दोन गल्ल्या पुढं हाय.

काळूराम : मना ठाव हाय कुठं हाय ते.

हौसा : बारा वरसं ठाव हाय.

माधव : भांडण झालं का? हिस्सा मागितला त्यांनी?

काळूराम : तिनं? न्हाय, सर. एक गुंठा न्हाय मागितला. गोडाऊनवाले जमिनीला आयले, तवा हक्कसोडीच्या कागदावर बहिणीची सही पायजे होती. तिनं वाचला पण न्हाय, सही केली.

माधव : मग?

हौसा : सांगा की. सरांना सांगा, कागद कोणी नेला तिच्याकडं.

काळूराम : वकिलाचा कारकून.

हौसा : तिनं त्याला चा पाजला. सही केली. आन बोलली, जमीन भावाची हाय, त्याची त्याला लखलाभ, पण मागायला भावूस आयला असता तर मी घास भरवून दिली असती. मंग उंबरा न्हाय चढली आमचा.

काळूराम : मना लाज वाटत होती. तोंडानं मागायची. म्हणून धाडला कारकून.

हौसा : गेल्या साली कुणालचा लगीन झाला. अंतरपाटाच्या टायमाला पोराच्या मागं मामा उभा पायजे. सख्खा मामा मानकोलीला घरान बसलेला. तिनं पंढरीला उभा केला. चुलत मामा.

काळूराम : पत्रिका आयली होती. तिचा नवरा देऊन गेला. मी कपडं पण इस्त्री करून ठेवलं होतं.

माधव : आणि गेला नाहीत.

काळूराम : पाय न्हाय उचलला.

माधव : बाईंचं मोठं मन. मला कौतुक वाटतं.

हौसा : मोठाच हाय. प्रितम झाला तवा मी मरता मरता वाचली. सवा महिना तुळजानं मना हातावर ठेवली. कुर्र करून प्रितमच्या कानात नाव तिनंच सांगितला. रविवारी आमची पोरगी मनाली सांगंल नातीच्या कानात, आत्याचा मान म्हणून. आन त्याच भिंतीवर बापाची आत्या न्हाय?

माधव : शेठ, मी तुमच्यावर सोडतो. पण एक सांगतो. त्यांना काढलं तर त्यांच्याबरोबर पाच नाती जातात. प्रितमची आत्या, आतोबा, आतेभाऊ. वहिनींची नणंद. आणि तुमचं मामापण.

काळूराम : माजा?

माधव : भाचाच नसेल तर तुम्ही मामा कुणाचे?

हौसा : पाणी घ्या.

काळूराम : सर, माज्या बाजूला चौकोन काढा. माज्या वर काढा जरासा. मोठी हाय ती माज्यापेक्षा, चार वरसांनी.

माधव : एका पिढीची माणसं एकाच रेषेत ठेवतात. पण मोठं भावंड आधी येतं. डावीकडे त्या, मग तुम्ही. आता नाव. तुळजा पुढे काय? माहेरचं आडनाव लावू की सासरचं?

काळूराम : मना काय ठाव? तिला काय आवडंल ते.

माधव : मग कच्ची प्रत काढतो, त्या बघून नाव सांगतील. नाहीतर असं करा, त्यांचा नंबर द्या, मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. किंवा दुकानातला मुलगा दोन मिनिटांत देऊन येईल.

काळूराम : न्हाय, सर. या टायमाला कागद मीच नेतू.