पक्की गल्ली

माझं माहेर भालकीकडलं, लगीन होऊन आले ती इथं, दुबलगुंडीच्या पुढं थोडं आत गेलं की आमचं गाव. माझ्या आजानंच बौद्ध धर्म घेतला व्हता, सासरबी बौद्धाचंच, गावाच्या खालच्या अंगाला आमची गल्ली. वरच्या अंगाला बसवण्णाला मानणारी घरं, त्यांचं घरात कन्नड आन बाजारात मराठी. मी जलमभर मजुरी केली, तूर काढली, ज्वारी खुडली, आन निवडणूक आली की जुन्या पक्षाची एजंट म्हणून बूथवर बसले. बाई एजंट लागायचीच, कामून की डोक्यावरनं पदर वढलेल्या बाईला बाईच वळखती. नाव माझं शांताबाई, पण वरच्या गल्लीतले शांताक्काच म्हणतेत.

मी नवी नवरी व्हते तवा पक्ष म्हणजे एकच, दुसऱ्याचं नाव घ्यायला बी कुणी नसायचं. वरची गल्ली तिकडंच, खालची गल्ली तिकडंच. कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची, आन मोजताना चार गावच्या पेट्यातले कागद एकात एक मिसळायचे, म्हणून कुणाच्या गावानं काय केलं ते कळायचंच न्हाई. काय सांगू तुम्हाला, बरं व्हतं ते एका अर्थानं.

आता तात्याचं सांगते. तात्या म्हणजे जुन्या पक्षाचा गावातला माणूस, वाईट न्हवता, पण हिशोबी. मतदानाच्या आधी तो गल्लीगल्लीनं फिरायचा आन मी मागं. एकेक दार बघून म्हणायचा, हे पक्कं, हे हलतं. हलतं दिसलं की आत जायचा, चहा प्यायचा, म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करायचा, काय पायजे ते इचारायचा. पक्क्या दारापुढं नुसता हात जोडून पुढं. आमच्या गल्लीत तर हातबी जोडायचा न्हाई, वळणावरनंच म्हणायचा, खालची गल्ली आपलीच हाय. मला गुदगुल्या व्हायच्या बघा ते ऐकून, आपली म्हणतोय म्हणून.

पाणी आम्ही वढ्याकाठच्या हापशावरनं आणायचो. उन्हाळ्यात हापसा नुसता खडखड करायचा, हाताला फोड यायचे. नळ मागून मागून माझी सासू गेली.

पुढं एक नवा पक्षबी आला, थोडी घरं तिकडं फुटली. मग वरच्या गल्लीतल्या पाटलाचं तिकीट जुन्या पक्षानं कापलं. पाटील उठला आन शेतकऱ्यांचं नाव घेणाऱ्या तिसऱ्याच पक्षात गेला, सगळी वरची गल्ली त्याच्या मागं. तात्या म्हणला, रुसलेत, पाव्हण्यासारखे गेलेत, येतील माघारी. आन गंमत अशी, त्याच बारीला तांड्यावरले आन मुसलमान गल्लीतले, जे आधी फुटून व्हते, ते जुन्या पक्षाकडं आले. पुढं पेट्या जाऊन मशीन आली, गावाचा आकडा कळायला लागला, तर तो तात्याच्या जुन्या अंदाजाइतकाच निघाला. तात्या खूश, गाव हाललंच न्हाई म्हणायचा. मी म्हणलं, तात्या, आकडा तेवढाच हाय पण आतली माणसं बदलली की. त्यो हसला.

जुना पक्ष निवडून यायचाबी, कामून की समोर मतं दोघात वाटायची, थोडी तिसऱ्याला, थोडी नव्याला. अर्धी मतंबी न्हाईत आन गुलाल यांचा. पुढं तिसरा पक्ष फुटला, भांडले आपसात, आन पाटील नव्या पक्षात गेला, गल्लीबी गेली. आता समोरची मतं एका जागी आली, आन जुना पक्ष पडला तो असा पडला की तात्या आठ दिवस पारावर आला न्हाई. पाच वर्षांनी पाटलाचं तिथंबी जमलं न्हाई, माघारी आला जुन्या पक्षात. तात्यानं पेढे वाटले, मोजणी झाली, आन काय? पाटील एकटाच आलता. गल्ली तिथंच ऱ्हायली. माझी मैतरीण निलाक्का, पाटलाच्याच भावकीतली, मला म्हणली, शांताक्का, नेता येतो जातो, आता आमच्या पोरांनी तिकडंच चूल मांडलीय. तवा मला उमगलं, रुसून जाणं येगळं आन चूल मांडणं येगळं.

पण ह्या सगळ्या जाण्यायेण्यात वरच्या गल्लीला काय मिळालं म्हणता? नळ. जुन्यानं पाईप टाकला परत या म्हणून, नव्यानं टाकी बांधली जाऊ नका म्हणून. आन आम्ही हापशावर.

मतदार वाढले म्हणून शाळेत दोन खोल्यात दोन बूथ केले, दुसरी खोली सगळी आमच्या गल्लीची. दर खोलीचं मशीन येगळं, दर मशीनचा आकडा येगळा. मग आमची गल्ली उघडी पडली म्हणा, सगळं मत एका चिन्हावर. मला वाटलं आता तरी तात्याला दिसंल आम्ही किती इमानी ते. गेले त्याच्याकडं, म्हणलं तात्या, आकडा बघितलास न्हवं, आता नळ दे. तात्या म्हणला, अक्का, तुमची गल्ली पक्की हाय, तुमच्यापाशी टायम कामून घालवू?

राग आला मला, लई राग आला. हाताचे फोड त्याच्यापुढं धरले तरी त्यो हसत व्हता.

पुढच्या बारीला मी म्हणलं मी एजंट बसणार न्हाई. विहारात सगळ्या बायका गोळा केल्या, म्हणलं कुणाला द्यायचं ते मी सांगणार न्हाई, ज्याचं त्यानं ठरवा, फक्त कुणी इचारलं तर आपली म्हणून मान हलवायची न्हाई. माझा नवरा घाबरला, म्हणला तेवढा आधार हाय तोबी जाईल. मी म्हणलं कसला आधार, पाण्याचा का? दुसऱ्या खोलीचं मशीन फुटलं, थोडं जुन्याला, थोडं नव्याला, थोडं तिसऱ्याच एकाला. मोजणी झाली त्याच आठवड्यात तात्या आमच्या गल्लीत आला. दारात बसला, चहा मागितला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मागनं नव्या पक्षाचीबी पोरं आली. पुढच्या निवडणुकीच्या आत नळ आला, दोघंबी म्हणतेत आम्हीच आणला, म्हणू द्या. पहिली घागर भरली तवा सासूची आठवण येऊन मी तिथंच रडले.

आता तात्या न्हाई, पाटील न्हाई, माझा नवराबी न्हाई. ह्या बारीला दोन्ही पक्षांची पोरं मोबाईल घेऊन फिरली, त्यातल्या यादीतबी हिरवं घर पक्कं आन पिवळं घर हलतं. वरच्या गल्लीत गेलीच न्हाईत, ती सगळी हिरवी. जुना म्हणतो ती आपली व्हणार न्हाई, नवा म्हणतो ती जाणार न्हाई. त्यांचा पाईप फुटून उन्हाळा गेला, अर्ज देऊन थकले.

परवा सकाळी निलाक्का घागर घेऊन आमच्या नळावर आली. एवढ्या वर्षात वरच्या गल्लीची बाई आमच्या गल्लीत पाण्याला कधी आली न्हवती. गल्लीच्या तोंडाशीच थांबली, पदर सारखा करत म्हणली, शांताक्का, भरू का? मी तिच्या हातातली घागर घेतली आन नळाखाली धरली. म्हणलं, भर की, नळ कुणाच्या जातीचा हाय व्हय, मतांचा हाय. तिला हसू आलं, मग म्हणली, आमचं कामून कुणी बघंना गं? मी म्हणलं, बाई, तुम्ही पक्क्या झालाव.

तुम्ही लांबनं आलाव, चहा घेऊन जावा. तुमचं घर पक्कं असू द्या, लेकराबाळाचं चांगलं व्हऊ द्या. मत तेवढं हलतं ठेवा.