किरणं कुठवर आली

(१९७६. हॅम्बुर्गहून नृसिंहाने लावलेला ट्रंक कॉल. कोल्हापुरात त्याचा बालमित्र आकाराम गुळाच्या अडतीवर फोन धरून उभा आहे.)

नृसिंह : फोन ठेवू नकोस, आकाराम. आई कशी आहे, एवढंच विचारलं मी.

आकाराम : बऱ्या हायत की काकू. काल ओट्यावर भाजी निवडत हुत्या. ठेवू आता? अडत्या माझ्याकडं बघतोय.

नृसिंह : बघू दे. तुझी सारी निळी पत्रं मी आज तारखेच्या क्रमाने पुन्हा वाचली. पूर्वी तू लिहीत असस, काकूंनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं. पुढे लिहू लागलास, मी काकूंना वाचून दाखवलं. हा पालट माझ्या ध्यानीच आला नाही.

आकाराम : मला वाचायची हौस.

नृसिंह : तुला? धडा वाचायची पाळी आली की पोट दुखायचं तुझं.

आकाराम : आता न्हाय दुखत.

नृसिंह : जिन्याला दोर बांधल्याचं लिहिलंस. मी समजलो, डागडुजी चालली आहे. मुलाचा फोटो पाठवला, तर आईने विचारलं म्हणे, नाक कुणावर गेलंय? मी हसलो. फोटोत नाक स्वच्छ दिसत होतं रे.

आकाराम : नातवाचं कवतिक असतंय.

नृसिंह : आणि गतवर्षीचा किरणोत्सव? मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांवरून मुखापर्यंत चढली, आणि कुठवर आली ते तू आईच्या कानात सांगत होतास. देवीसमोर उभ्या असलेल्या बाईला ते सांगावं का लागलं?

आकाराम : गर्दी हुती.

नृसिंह : तिला दिसत नाही. मी म्हणतो ते असत्य असेल, तर फक्त नाही म्हण.

आकाराम : अडत्या हाका मारतोय मला.

नृसिंह : जमिनीकडे पाहतो आहेस ना? मास्तरांपुढे असाच उभा राहायचास.

आकाराम : नरसू, काकूस्नी मला देवीसमोर शपथ घातलीया. तुला कळवायचं न्हाय, न्हायतर नोकरी टाकून येशील. काय कळवायचं न्हाय, ते मी आजबी सांगणार न्हाय.

नृसिंह : मग ही पत्रं?

आकाराम : जे हातानं केलं तेवढंच लिवलं. खोटं एक अक्षर न्हाय. वाटलं हुतं, तुला पयल्या वर्षीच कळंल.

नृसिंह : वैद्यकीय उपाय असेल काही. शस्त्रक्रिया, तिथे नाही तर इथे...

आकाराम : मिरजेला नेलतं, ते लिवलं हुतं. परत आल्यावर दोर बांधला, तेबी लिवलं हुतं.

नृसिंह : त्याच क्रमाने.

आकाराम : त्याच.

नृसिंह : मी येतो. पण येऊन करू काय, आकाराम? तिच्यापुढे उभा राहून बोलू काय?

आकाराम : किरणोत्सवाच्या आत ये. यंदा मी मागं गर्दीत ऱ्हातो. किरणं कुठवर आली, ते तू सांग काकूस्नी.