बॅनरमागचा गोल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सखारामशेठ रेडीज, आमच्या मुख्याध्यापिका महरीन काझी मॅडम, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी, पालकवर्ग, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागे दाराजवळ उभ्या असलेल्या, खुर्ची देऊनही न बसलेल्या सावित्रीबाई,

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं ते ऐकताना हा गुरव सर नेमका कोण, असा प्रश्न मलाच पडला. तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली हे खरं. बाकीचं तुमचं प्रेम. शाल, श्रीफळ घेतलं. आता पाच मिनिटं द्या. शेठ, घड्याळ बघू नका, संध्याकाळी सहापर्यंत मी या शाळेचा नोकर आहे, आणि जे बोलायचं ते नोकर असतानाच बोललं पाहिजे.

केरू, जरा हा 'सस्नेह निरोप'चा बॅनर खाली घे. घे रे, काढ. मॅडम, माफ करा, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

ही भिंत. निवृत्तीची भेट म्हणून मी पंधरा दिवस खपून रंगवली. गेरूच्या रंगावर पांढऱ्यात वारली चित्र, मधोमध तारपा नाच. आणि हे तीन माणसांचे ओरखडे. दहा दिवसांपूर्वी नववीतल्या विमलाने कर्कटकाच्या टोकानं ती तीन माणसं खरवडून काढली. विचारलं तर गप्प. मी संतापलो. शाळेच्या मालमत्तेची नासधूस म्हणून लेखी तक्रार मीच दिली. परवा सोमवारी शाळा समितीची सभा आहे आणि तिच्या हातात दाखला द्यायचा, असं जवळजवळ ठरलेलं आहे. तिचा बाप तलासरीकडचा, आपल्या बंदरावर बोटीवर खलाशी. आत्ता समुद्रात आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

तक्रार दिली त्या दिवशी घरी गेलो आणि कपाटातून मूळ फोटो काढला. बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या सहलीत तलासरीजवळच्या एका पाड्यात मी स्वतः काढलेला. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं रंगवलेलं चित्र. याच फोटोवरून मी भिंत रंगवली. तो इथं पडद्यावर लावला आहे. नीट बघा.

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं. वरचा छातीचा, खालचा कमरेचा. वर गोल म्हणजे डोकं, आणि डोक्यामागे आणखी छोटा गोल असला की तो अंबाडा, म्हणजे ती बाई. नाक-डोळे नाहीत. आमच्या परीक्षक मंडळींना वाटतं, यांना चेहरा काढता येत नाही. अहो, चेहरा काढला की माणूस एकट्याचा होतो. इथं पाटील कुठला आणि गडी कुठला हे सांगता येईल का कुणाला? कोपऱ्यात मुसळ घेऊन कांडणाऱ्या दोघी, माडावर चढलेला, मासे धरणारा, सगळे एकाच मापाचे. त्रिकोण डोंगराचा आणि झाडाचा, गोल सूर्य-चंद्राचा, असं जाणकार सांगतात. डोंगर आणि माणूस एकाच आकारातून काढणारी ही माणसं आहेत.

आता मधला नाच. मध्यभागी तारपा वाजवणारा, दुधी भोपळ्याचं ते लांब वाद्य घेऊन. त्याच्याकडे पाठ कुणी करत नाही. रांगेच्या पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून, सूर बदलला की वळणारे. आता बघा, माणसं सारखी दिसतात, पण एकाचं पाऊल उचललेलं, दुसऱ्याचा गुडघा वाकलेला. मी काय केलं? पुठ्ठ्याचा एक बाप्या आणि एक बाई कापली आणि छापत गेलो. खिळा, सुतळी आणि खडूनं चोख वर्तुळ मारलं.

आणि फोटोतला गोल बघा. तो गोल नाहीच. गोगलगाईच्या पाठीसारखी वळत गेलेली ओळ आहे आणि शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा आहे. मला वाटलं, काढणारीचं पीठ संपलं असणार. म्हणून मी तीन माणसं जास्तीची घातली, शेवटच्याचा हात पहिल्याच्या कमरेला लावला, आणि गोल बंद केला. शिक्षक आहे ना, अपुरं दिसलं की हात शिवशिवतात.

विमलाने नेमकी तीच तीन माणसं खरवडली. चौथ्याला ओरखडासुद्धा नाही.

हे मला दहा दिवसांपूर्वी कळलं. मग मी बोललो का नाही? भ्यालो, म्हणून. निवृत्तीच्या तोंडावर चित्रकलेच्या शिक्षकाला नववीतल्या पोरीनं भिंतीवर चूक दाखवली, हे कुणाला सांगणार? मॅडमनी दोनदा विचारलं, "सर, तक्रारीचा पुन्हा विचार करता का?" दोन्ही वेळा मी शिस्तीवर भाषण दिलं. आजचं त्यापेक्षा बरं व्हावं.

काल मी बंदराजवळ विमलाच्या खोलीवर गेलो. तिची आई, या सावित्रीबाई, जाळ्याचा तुकडा सांधत होत्या. मी फोटो पुढे केला आणि विचारलं, हे असं उघडं का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, याला एवढंही माहीत नाही, अशा. मग म्हणाल्या, "सर, भात कापून झालं की नाच लागतो. कुणी रानातून उशिरा येतो, कुणी बोटीवरून. तो मागनं येऊन शेवटल्याचा हात धरतो. गोल बंद केला तर आमचा माणूस उभा कुठं राहील?"

विमला चुलीपाशी बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. "बाबा यंदा आले नाहीत अजून."

एवढंच. मला तिथं बसवेना. चुकलो म्हणालो आणि उठलो. त्या पोरीनं रोज या भिंतीसमोर प्रार्थनेला उभं राहायचं आणि रोज बघायचं की तिच्या बापाची जागा मी भरून टाकली आहे. तिनं सांगायला हवं होतं, हे मान्य. पण ऐकलं कोणी असतं? मी? मी म्हटलं असतं, गोल म्हणजे गोल, बस खाली.

सखारामशेठ, शाळा समितीचेही अध्यक्ष तुम्हीच, म्हणून हा माझा अर्ज तुमच्याकडे. तक्रार मागे घेतो आहे, चूक चित्रकाराची आहे आणि भिंतीवर जे झालं ती दुरुस्ती आहे, असं लिहिलं आहे. सहाला अजून वीस मिनिटं आहेत. वाचायची घाई नाही, पण पोच मात्र आत्ता द्या... थांबतो मी. सभागृहही थांबेल.

सही केलीत. आभारी आहे.

विमला, बाळ, सगळ्यांसमोर सांगतो, चुकलो. तुला घरी येऊन सांगितलं ते पुरेसं नव्हतं, कारण आरोप मी शाळेत केला होता.

शाळेनं तेहतीस वर्षं सांभाळून घेतलं, त्याबद्दल व्यासपीठाचे, सहकाऱ्यांचे, आणि बॅनर गुंडाळून अजून हातात धरून उभ्या असलेल्या केरूचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. भिंतीवरचं मात्र पदरात घेऊ नका आणि उद्या कुणी रंगाचा डबा घेऊन ते ओरखडे बुजवायला येऊ नका. तिचा बाप बोटीवरून उतरला की त्याला इथं घेऊन या, आणि त्याची जागा दाखवा.