चाळीस ग्रॅम

मेहुणा : राजीनामा खिशातच आहे, भावोजी. उद्या साहेबांना द्यायचा असं ठरलं होतं ना आपलं? मग आज कशाला बोलावलंत? आणि आपल्या गोदामातले ट्रे ताईच्या ओट्यावर काय करतायत?

कारकून : आधी बस.

बायको : तूच विचार बाबा. आल्यापासून माझा काटा अडवून बसलेत. पीठ मोजायचं राहिलंय, आणि हे रिकामे ट्रे तोलतायत.

कारकून : हा जुना ट्रे. ठेव गं काट्यावर. किती?

बायको : तीनशे दहा.

कारकून : आता हा नवा.

बायको : दिसायला तर तोच आहे. दोनशे सत्तर.

कारकून : चाळीस ग्रॅमचा फरक.

मेहुणा : प्लॅस्टिक हलकं वापरलं असेल, आणखी काय! माझी नोकरी चाललीय, भावोजी, आणि तुम्ही ट्रे कसले तोलताय?

कारकून : तुझी नोकरी ह्या चाळीस ग्रॅमांपायीच चाललीय. तुझ्या रॅकवर काय काय कमी आलं, सांग बरं.

मेहुणा : पाठ झालंय मला. बारके वॉशर बत्तीस कमी. नट सोळा कमी. मोठे बोल्ट दोन.

बायको : दोन बोल्ट? दोन बोल्टांसाठी माझ्या भावाला घालवायला निघालात?

कारकून : अगं, एका ट्रेत दोन. दर महिन्याच्या मोजणीत चार-पाच ट्रेंमध्ये माल कमी निघायचा. तेही ह्याच्याच रॅकवर, आणि हा कामाला लागल्यापासूनच. ह्याला नोकरीला चिकटवलं कोणी? मी. म्हटलं, गवगवा होण्याआधी हा आपणहून बाहेर पडलेला बरा.

मेहुणा : तेच तर करतोय. मग अडलंय कुठे?

कारकून : आज साहेबांसाठी नुकसानीचा हिशेब करत होतो. माल आपण किलोवर घेतो, म्हणून कमी आलेल्या नगांचं वजन काढलं. वॉशर सव्वा ग्रॅमचा. बत्तीस वॉशर म्हणजे चाळीस ग्रॅम. नट अडीच ग्रॅमचा. सोळा नट, पुन्हा चाळीस. बोल्ट वीस ग्रॅमचा...

बायको : दोन बोल्ट, चाळीस.

कारकून : एकही ट्रे त्यातून सुटला नाही. प्रत्येक ट्रेमधून तोलून चाळीसच ग्रॅम नेणारा चोर असतो का कुठे?

बायको : थांबा, मला नीट कळू दे. तुम्ही नग मोजता ना? एक, दोन, तीन करून?

कारकून : हजारो बारके नग हातानं कोण मोजत बसणार? भरलेला ट्रे तसाच मोजणीच्या काट्यावर ठेवायचा. एका नगाचं वजन किती, रिकाम्या ट्रेचं किती, हे काट्यात आधीच भरलेलं असतं. तो ट्रेचं वजन वजा करतो, उरलेल्याला एका नगाच्या वजनानं भागतो आणि नग सांगतो.

बायको : आणि काट्यात ट्रेचं वजन भरलेलं तीनशे दहा.

कारकून : जुन्याचं. नवा ट्रे दोनशे सत्तरचा. काटा आपला तीनशे दहाच वजा करत राहिला. ते जास्तीचे चाळीस ग्रॅम मालातून कापले गेले.

मेहुणा : म्हणजे माल...

कारकून : जागेवरच होता. सगळाच्या सगळा.

मेहुणा : पण तुम्ही तर प्रत्येक ट्रे दोनदोनदा तपासलात!

कारकून : त्याच काट्यावर. दहा वेळा ठेवला असता तरी तेच आलं असतं. एक ट्रे हातानं मोजला असता तर तिथेच उजेड पडला असता.

मेहुणा : आणि माझ्याच रॅकवर का, ते आता कळलं मला. नवे ट्रे मीच मागितले होते! आल्याआल्या म्हटलं होतं, ट्रे तडकलेत, बोटं कापतात.

कारकून : मी महिन्याला चार-पाच बदलून देत गेलो. ज्या महिन्यात ट्रे बदलला, त्याच महिन्यात त्यात तूट. ती तूट मी हिशेबातून वजा केली की पुढच्या महिन्यात तो ट्रे काट्याशी बरोबर जुळायचा. मला वाटलं, चोर एका ट्रेला एकदाच हात लावतो. भलताच हुशार दिसतोय.

बायको : हा आणि हुशार? तिथेच शंका यायला हवी होती तुम्हाला.

मेहुणा : ताई, आज हसू नाही येत गं.

बायको : मला तरी कुठे येतंय! आणि ते काट्यात वजन भरायचं काम कोणाचं?

कारकून : माझं. ट्रे बदलला की नव्याचं वजन भरायचं. रंग तोच, माप तेच, म्हणून मी तोलून बघितलंच नाही.

मेहुणा : एक विचारू, भावोजी? एकदा मी तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, हिशेबात वॉशरचा ट्रे संपलेला दाखवतोय, पण तळाशी मूठभर शिल्लक आहेत. आठवतं?

कारकून : आठवतं.

मेहुणा : ते हेच ना? तुम्ही कमी धरलेले?

कारकून : हेच.

मेहुणा : तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसतं बघितलंत माझ्याकडे. मी घरी जाऊन विचार करत बसलो, माझं काय चुकलं म्हणून.

बायको : मग तुम्हाला काय वाटलं तेव्हा? बोला की.

कारकून : मला वाटलं, घाबरलाय. नेलेला माल परत आणून ठेवतोय.



मेहुणा : मी तुम्हाला सांगायला आलो होतो हो.

कारकून : ट्रे तोलायचा राहिला, ती चूक एक वेळ कोणाचीही होईल. पण तू खरं सांगायला आलास आणि मी तेच तुझ्याविरुद्ध धरून ठेवलं. लाज वाटते रे. तुझ्याकडे मान वर करून बघवत नाही.

मेहुणा : आणि गेटवर? सुटताना वॉचमन माझे खिसे उलटे करतो. सगळी रांग बघत असते. एकट्या माझेच. त्याला कोणी सांगितलं होतं?

कारकून : मीच. नात्यातला म्हणून पाठीशी घालतो, असं कोणी म्हणू नये म्हणून.

बायको : हे घरी बोलला नव्हतात.

कारकून : कुठल्या तोंडानं बोलणार होतो? उद्या आधी साहेबांकडे जातो. मग सुटायच्या वेळी गेटवर, त्याच रांगेसमोर सांगतो, चूक माझी होती म्हणून. तो राजीनामा दे इकडे.

मेहुणा : आणि तुमच्यावर शेकलं तर? इतक्या वर्षांची नोकरी तुमची.

कारकून : शेकू दे.

बायको : शेकलं तर दोघं मिळून बघू. पण रांगेसमोरच सांगा, कोपऱ्यात नेऊन नको. आणि तू... तू यांच्या एकट्याकडेच असा बघू नकोस रे.

मेहुणा : म्हणजे?

बायको : कामावरून परस्पर इकडे यायचास ना, हात-पाय धुवायला आत गेलास की मी तुझी पिशवी बघायचे. तळापर्यंत हात घालून. जेवणाचा डबासुद्धा उघडायचे. सख्ख्या भावाचा डबा.

मेहुणा : माहीत आहे, ताई.

बायको : माहीत होतं? मग एकदा तरी बोलायचंस ना माझ्याशी! भांडायचंस!

मेहुणा : काय भांडणार? डब्याचं झाकण मी सैल करून ठेवायचो. तुला उघडायला जड जातं ना.