कुरतडलेल्या पानांचे गुण

रोपवाटिकेत पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. भावजयीच्या हातात लिंबाचं रोप, नणंदेच्या हातात मोबाइल.

“वहिनी, बाल्कनीतल्या बागांच्या स्पर्धेचं पत्र आलंय. आयोजकांचं.”

“नंबर नाही ना आला? वाच.”

“‘नंबर आला नाही म्हणून आपली बाग कमी प्रतीची आहे, असं कृपया समजू नये.’”

“समजतंय कोण!”

“‘दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण दिले, त्यांची सरासरी काढली. झाडांच्या तब्येतीला चाळीस, मांडणीला तीस, विविधतेला वीस, स्वच्छतेला दहा.’ मांडणीत तुला सत्तावीस आहेत गं!”

“आणि तब्येतीत?”

“अकरा. ‘लिंबाची पानं अळ्यांनी कुरतडलेली आढळली. निकषांनुसार किडीचे गुण कापावे लागतात. पुढच्या वर्षी वेळेवर फवारणी केल्यास...’”

“फवारणी! अगं, फुलपाखरं त्या पानांवर अंडी घालतात, म्हणून तर लिंबू लावलं. अळ्यांनी काय उपाशी मरायचं?”

“निकष आधी सांगायला हवे होते त्यांनी.”

“सांगितले होते की. अर्जाच्या मागेच छापले होते. वाचूनच सही केली मी.”

“मग भाग कशाला घेतलास?”

“परीक्षक घरी येतात ना. म्हटलं, बघू देत एकदा डोळे उघडून.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुन्हा. हे दुसरं लिंबू त्यासाठीच.”

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “ताई, याची पानं खाल्लीयेत. चांगलं रोप देतो बदलून.”

“हात लावू नका! सगळी रोपं उलटीपालटी करून हे शोधलंय. अळी आहे त्यावर.”