निघालेच!

"पांढरे केस, पन्नाशीची म्हातारी, असलं काय लिवतेस गं? गेल्या वाढदिवसाला वैजू ग्रुपवर दिवसभर गप्प व्हती!"

कर्जतच्या गिरणीत दळणाच्या रांगेत उभ्या सुचेताचे कान मोबाइलवर वाढदिवसाचा मेसेज लिहिणाऱ्या पुढच्या दोघींकडे लागले.

"मंग चिडवू कशावरून?"

"'निघालेच' सांगून तासभर घरातच असते ना, त्याच्यावरून. त्याला ती सोताच हसते."

"लिवते. 'वैजू, आज तरी वेळेवर ये, नायतर केक आमी संपवू.' टाकू?"

"थांब. शेवटी काहीतरी गोड पायजे."

"काय लिवू?"





"लिव, 'पुण्याला लेकाकडं ऱ्हायला जाताना पन निघालेच म्हन, आन् घरातच बस. तू गेलीस तर आमाला करमनार नाय.'"