पंचनामा कुणाच्या हातचा

(कल्याण, सन १८८८. दिवेलागण. मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून श्रीपाद मामलेदार रावसाहेबांच्या निरोपसमारंभाहून घरी आले आहेत. सोबत पत्नी उत्तरा.)

उत्तरा : हार झाले, शालजोडी झाली, रावसाहेब बोलायला उठले. पुढं सांगाल की नाही?

श्रीपाद : अगं, सांगतोय ना! मला वाटलं, निवृत्त होणारे मामलेदार बोलतात तसंच बोलतील. सरकारचे आभार, कलेक्टरसाहेबांचे आभार, संपलं. छे! म्हणाले, ‘तीस वर्षं दौरे करून एक शिकलो. तंबू पाटलाच्या आमराईत ठोकू नये. सावली मिळते, पण भेटायला फक्त पाटीलच येतो.’

उत्तरा : अगं बाई! कलेक्टरसाहेबांपुढं?

श्रीपाद : पुढ्यातच! साहेबाला मराठी कळतं, तो हसला. पाटील मंडळी मात्र पागोटी सावरायला लागली.

उत्तरा : बरी जिरली! मग?

श्रीपाद : मग आवाज उतरला. म्हणाले, ‘ठाकुर्लीच्या खाजणात खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाबाबत माझ्या हातून चूक झाली.’ माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

उत्तरा : तुमचा काय संबंध त्यात?

श्रीपाद : तुला कधी सांगितलंच नाही. बारा वर्षं झाली. बांध खचतोय, असा तिथल्या एका शेतकऱ्याचा, धाकूचा, अर्ज आलेला. पाहणीला मला धाडलं. ऊन रणरणत होतं. मी चावडीतच बसलो, पाटलाला विचारलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘बांध शाबूत’. पंचांचे अंगठेही तिथंच घेतले. रावसाहेबांनी सही केली, कागद प्रांतांकडे, तिथून कलेक्टरकडे. अर्ज निकाली! दुरुस्तीचा हुकूम निघालाच नाही.

उत्तरा : आणि बांध?

श्रीपाद : अमावास्येच्या भरतीत फुटला. खारं पाणी भातात शिरलं. तीन वर्षं जमिनीत काडी उगवली नाही. धाकू बायकापोरांना घेऊन मुंबईला हमाली करायला गेला. धाकटी मुलगी तिथं पटकीच्या साथीत गेली.

उत्तरा : अरे देवा! आणि तुम्ही बारा वर्षं गप्प?

श्रीपाद : गप्प. आज रावसाहेब म्हणाले, ‘मामलेदाराची सही म्हणजे सरकारचे डोळे. मी न बघता सही केली. दोष माझा.’ माझं नाव नाही घेतलं गं! घेतलं असतं तर कोण अडवणार होतं? धाकू आता गावी परतलाय, त्याला मुद्दाम बोलावून घेतलेलं. खाली उतरले आणि त्याच्यापुढं हात जोडले. मामलेदारानं, रयतेपुढं! असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

उत्तरा : आणि तुम्ही?

श्रीपाद : उठलो. म्हटलं, ‘पंचनामा माझ्या हातचा आहे.’

उत्तरा : सगळ्यांदेखत? अहो, नोकरी?

श्रीपाद : कलेक्टरसाहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. राहते की जाते, देव जाणे.

उत्तरा : जाऊ दे गेली तर. खरं तेच लिहा. धाकू काय म्हणाला?

श्रीपाद : वाटलं, शिव्या घालील. म्हणाला, ‘बांद यंदा परत खचलाय, भाऊसायेब. बगाला येता का?’

उत्तरा : मग?

श्रीपाद : उद्या उजाडताच निघतो. चालत.

उत्तरा : चिखल असेल तिथं. जुनं धोतर काढून ठेवते.